जुना ट्रक घेताना आधी मागच्या अ‍ॅक्सलचा हिशेब

प्रश्न: जुना ट्रक घ्यायचा आहे. पोत्यांतला माल, एका खेपेला साधारण ९ टन, आठवड्याला तीन खेपा. वाटेत दोन-तीन ठिकाणी माल उतरवायचा असतो आणि हद्द ओलांडून पलीकडे जावं लागतं. दोन गाड्या पाहिल्यात. एक सहा चाकी, बंद बॉडीची, ४,१०,००० किमी चाललेली, मीटरवर इंजिनाचे १६,४०० तास. दुसरी दहा चाकी, लिफ्ट अ‍ॅक्सलची, उघड्या बॉडीची, ६,३०,००० किमी आणि १४,००० तास. पहिली कमी चाललेली वाटते. कोणती घेऊ?

उत्तर: दोन्हींपैकी एकीलाही अजून विसार देऊ नका. आधी दोन्ही गाड्या रिकाम्या काट्यावर चढवा आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. तुमच्या प्रश्नात किलोमीटर आहेत, तास आहेत, बॉडी आहे, पण गाडीचं रिकामं वजन कुठेच नाही. ९ टनांचा धंदा त्याच आकड्यावर उभा राहतो.

हे मी सांगतो, कारण या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. मी घेतलेल्या एका जुन्या सहा चाकी गाडीचं पासिंग १६ टनांचं होतं. कंपनीच्या पट्टीवर पुढच्या अ‍ॅक्सलला ६ टन आणि मागच्याला १०.५ टन अशी मर्यादा होती. चालक, क्लीनर, स्टेपनी आणि भरलेली टाकी धरून गाडी रिकामी ७.१ टन भरली. म्हणजे ८.९ टन माल घेता येईल असा माझा हिशेब. पहिल्याच खेपेला जरा हात राखून ८.६ टन भरला, बॉडीभर सारखा पसरून. एकूण वजन १५.७ टन, मर्यादेच्या आत. वाटेत अ‍ॅक्सलचं वजन तपासलं गेलं आणि मागचा अ‍ॅक्सल ११ टनांच्या वर निघाला. अर्धा टन जास्त! दंड भरला, माल तिथेच हलवावा लागला, आणि एकूण वजन बरोबर असताना हे झालं कसं, हे मला रात्री वहीवर मांडल्यावर कळलं.

ते गणित इथे सावकाश मांडतो, तुम्हाला दोन्ही गाड्यांसाठी करता येईल. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ५ मीटर होता. बॉडी पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे ८० सेंमीवर सुरू होत होती आणि ७.२ मीटर लांब होती. माल सारखा पसरला की त्याचा मध्य बॉडीच्या मध्यावर येतो, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलपासून ४.४ मीटरवर. मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे तो फक्त ६० सेंमी राहिला. हे ६० सेंमी भागिले ५ मीटर म्हणजे १२ टक्के. मालाचा एवढाच भाग पुढच्या अ‍ॅक्सलवर जातो, उरलेला ८८ टक्के मागच्यावर. ८.६ टनांचे ८८ टक्के म्हणजे ७.५७ टन. रिकाम्या गाडीचे मागे ३.५ टन होतेच. बेरीज ११.०७ टन. पुढे मात्र ३.६ अधिक १.०३, म्हणजे जेमतेम ४.६ टन, सव्वा टनाहून जास्त जागा रिकामीच.

दोष बॉडीचा होता. आधीच्या मालकाने हलका, फुगीर माल जास्त मावावा म्हणून ती मागे ६० सेंमी वाढवून घेतली होती. मूळ ६.६ मीटरची बॉडी असती तर मालाचा मध्य ३० सेंमी पुढे सरकला असता आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेत साडेआठ टन बसले असते. वाढवलेल्या बॉडीत सारखा पसरलेला माल ८ टनांच्या वर नेता येत नव्हता. वाढवलेल्या पत्र्या-लोखंडाचं वजन मी अजून धरलेलंच नाही.

पोत्यांच्या मालाला यातून एक वाट आहे. पोती जड असतात, बॉडी पूर्ण भरावी लागत नाही. पुढच्या भिंतीला टेकवून थप्पी लावली आणि मागचे ७० सेंमी रिकामे सोडले, तर तोच ८.६ टन माल मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेत बसतो. पुढे ५.२ टन येतात, तेही चालतात. पण तुम्ही वाटेत माल उतरवणार आहात, म्हणून त्यापुढची गोष्टही लक्षात घ्या. मागच्या दारातून पहिल्या ठिकाणची पोती उतरली की गाडी हलकी होते, पुढचा अ‍ॅक्सल मात्र जड होतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे लटकणारा माल तराजूच्या दांडीसारखा पुढचं टोक उचलून धरत असतो. तो गेला की पुढचं टोक खाली बसतं. माझ्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलपलीकडची तीन टन पोती उतरवल्यावर पुढचा अ‍ॅक्सल ५.२ वरून ५.९ टनांवर जात होता, मर्यादा ६ ची. थप्पी आणखी थोडी पुढे असती तर तेवढा माल उतरवूनही गाडी पुढे ओव्हरलोड झाली असती. म्हणून वाटेत उतरवण्याचा धंदा असेल तर बाजूने उघडणारी बॉडी बघा, म्हणजे माल हवा तिथून काढता येतो.

आता काट्यावर काय करायचं ते सांगतो. ज्या काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन काट्याला समतल आहे असा काटा निवडा. उतार असेल तर आकडे खोटे येतात. टाकी भरून घ्या. डिझेल लिटरला साधारण ८४० ग्रॅम असतं, म्हणजे २०० लिटरची टाकी रिकामी ठेवून वजन केलं तर साधारण १७० किलोंची फसगत होते. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. गाडी न्यूट्रलला, ब्रेक सोडलेला, चाकांना दगड लावलेले. पुढचं आणि मागचं मिळून एकूण वजनाशी जुळायला हवं. पन्नास-शंभर किलोंहून जास्त फरक आला तर पुन्हा घ्या. विकणारा कागदावरचं रिकामं वजन दाखवेल. ते बहुतेक वेळा पहिल्या बॉडीचं असतं. मधे बॉडी बदलली, लोखंडी तळ टाकला, केबिनवर कॅरिअर बसवला, पुढे जाड लोखंडी बंपर लावला, हे सगळं तुमच्या मालातून वजा होतं.

सहा चाकी आणि दहा चाकी यांतला फरक चाकांच्या संख्येपेक्षा ताकद कोणत्या अ‍ॅक्सलवर जाते यात आहे. ४×२ लिहिलेलं असतं तेव्हा चार म्हणजे चाकांच्या जागा आणि दोन म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं त्या. जोडटायर एकच जागा मोजतात, म्हणून आपली सहा चाकी गाडी ४×२ होते. तुम्ही पाहिलेली लिफ्ट अ‍ॅक्सलची दहा चाकी ६×२ आहे. मागे दोन अ‍ॅक्सल, पण ओढणारा एकच. दुसरा फक्त वजन वाटून घेतो आणि रिकाम्या खेपेला हवेच्या फुग्यांवर उचलून ठेवता येतो. चिखलाच्या गोदामात किंवा ओल्या चढावर हा दुसरा अ‍ॅक्सल खाली असला की ओढणाऱ्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि चाकं जागेवर फिरतात. खाणीवर, कच्च्या रस्त्यावर काम करणारे ६×४ घेतात ते यासाठीच. तुमचा माल डांबरी रस्त्याने गोदामापर्यंत जात असेल तर ६×४ चं जादा वजन आणि जादा डिझेल कशाला?

दहा चाकी पाहताना लिफ्ट अ‍ॅक्सलच्या टायरजवळ खाली बसा. मी एक गाडी अशीच बसून पाहिली. लिफ्ट अ‍ॅक्सलच्या टायरांची नक्षी जवळजवळ नवी, पण कडांना उन्हाने बारीक चिरा गेलेल्या. त्याच्या पुढच्या, ओढणाऱ्या अ‍ॅक्सलच्या स्प्रिंगचे पाटे मात्र सरळ झालेले, एक पाटा नंतर घातलेला, यू-बोल्ट चकचकीत नवे. एवढ्यावरून मला तिचा सगळा इतिहास कळला. मालकाने टायर वाचवायला भरलेली गाडी अ‍ॅक्सल उचलूनच चालवली होती, आणि दोन अ‍ॅक्सलचं वजन वर्षानुवर्षं ओढणाऱ्या अ‍ॅक्सलने एकट्याने झेललं होतं. अशा गाडीत हाउसिंग वाकलेलं असू शकतं, आणि त्याच्या खुणा आतल्या टायरच्या एकाच कडेच्या झिजेत दिसतात. तुमच्या गाडीत फुगे भरून अ‍ॅक्सल उचला, इंजिन बंद करा आणि अर्धा तास चहापाणी करून या. अ‍ॅक्सल खाली आला असेल तर फुगा किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

बॉडीपेक्षा बॉडी जिथे चासीवर बसते ती जागा महत्त्वाची आहे. बॉडीखालचा आडवा-उभा सांगाडा चासीवर ठेवून यू-क्लँपने आवळलेला असतो. तो जिथे पुढे संपतो, केबिनच्या जरा मागे, तिथे चासीची ताठरता एकदम बदलते आणि तडा बहुधा तिथेच जातो. दुसरी जागा पाट्यांच्या ब्रॅकेटभोवती. टॉर्च आडवी धरून बघा. तडा रेषेसारखा दिसत नसेल तर त्यातून झिरपलेल्या गंजाची तांबडी धार दिसते. सगळी चासी जुनी आणि तेवढाच हातभर भाग ताज्या काळ्या रंगाचा असेल तर तो रंग खरवडून बघू देत का विचारा. नाही म्हणाले तर परत या. चासीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर वेल्डिंग किंवा पाडलेलं भोक दिसलं तर मी गाडी घेत नाही. वाकताना सगळा ताण त्या दोन पट्ट्यांवर येतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद कमजोर होतं. बंद बॉडीसाठी आणखी एक सोपी तपासणी आहे. भर दुपारी आत उभे राहा आणि बाहेरून दार लावायला सांगा. दोन मिनिटांत डोळे सरावले की छताच्या कोपऱ्यांत, तळाच्या कडेला उजेडाचे टिपके दिसतात. जिथून उजेड येतो तिथून पाऊसही येणार, आणि तुमचा माल पोत्यांत आहे.

आता तासांबद्दल. पहिली गाडी कमी चाललेली वाटते असं तुम्ही म्हणता, पण इंजिनाच्या दृष्टीने ती जास्त चालली आहे. किलोमीटरला तासांनी भागा. पहिलीचे ४,१०,००० भागिले १६,४०० म्हणजे तासाला २५ किमी. दुसरीचे ६,३०,००० भागिले १४,००० म्हणजे ४५. लांब पल्ल्यावर नीट चाललेल्या ट्रकची सरासरी चाळीस-पन्नासच्या आसपास येते. पंचवीस आली म्हणजे गाडी शहरात, गर्दीत, दारोदार फिरली असेल किंवा तासन्‌तास उभी राहून चालू होती. उलट सरासरी ७५-८० आली तर आनंदू नका. कोणताही भरलेला ट्रक आयुष्यभर त्या सरासरीने धावत नाही, तिथे तासांचं मीटर बदललं गेलं आहे किंवा किलोमीटर आणि तास वेगवेगळ्या दिवसांपासून मोजले गेले आहेत.

पंचवीस सरासरीची दोन कारणं आणि दोघांचा परिणाम वेगळा. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर त्याच्या कंट्रोल युनिटमध्ये बहुधा एकूण तास, उभ्याने चाललेले तास आणि एकूण जळलेलं डिझेल साठवलेलं असतं. स्कॅनर असलेल्या मेकॅनिकला घेऊन जा आणि तिथले आकडे डॅशबोर्डशी ताडून बघा. समजा १६,४०० पैकी ७,४०० तास उभ्याचे निघाले. मग चालण्याचे तास ९,००० उरतात आणि सरासरी ४५ वर येते. म्हणजे गाडी हमरस्त्यावरचीच होती, पण माल भरायच्या रांगेत किंवा रात्री केबिनचा एसी लावून इंजिन चालूच ठेवलेलं. अशात क्लच, गिअर, ब्रेक यांची झीज कमी असते. इंजिनाला मात्र ते बरं नाही, कारण उभ्याने ते पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते आणि धुराची जाळी असलेल्या गाड्यांत ती जाळी तुंबते. उभ्याचे तास थोडेच निघाले तर गाडी खरोखर शहरातली आहे. तिथे क्लच, स्टार्टर, ब्रेक ड्रम आणि गिअरचे दात यांच्यासाठी पैसे बाजूला ठेवूनच भाव करा. ऑइल किती किलोमीटरवर बदललं हेही अशा गाडीत फसवं असतं. २०,००० किमीवर बदललं म्हणणारा मालक तासाला २५ च्या हिशेबाने तेच ऑइल ८०० तास वापरत होता. ४५ च्या गाडीत तेच अंतर ४४४ तासांत पार पडतं.

इंजिन बघायला न कळवता सकाळी लवकर जा आणि बॉनेटवर, सायलेन्सरवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन सगळे दोष लपवतं. थंड असताना सुरू करा, मग चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवा. वाफेचा हलका श्वास ठीक आहे. धक्के देत धूर येत असेल, झाकण उडत असेल तर पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली गळतो आहे आणि इंजिन उघडावं लागणार.

आता परमिट. हा भाग सगळ्यांत शेवटी बघायची सवय आहे आणि तीच महाग पडते. तुम्हाला हद्द ओलांडायची आहे, म्हणून माझ्या मते काट्याच्याही आधी कागद बघा. ही गाडी तुमच्या पूर्ण वाटेवर, तुमच्या नावावर, पुढची पाच वर्षं चालू शकते का, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर परिवहन कार्यालयात स्वतः जाऊन घ्या. विकणारा ‘परमिट आहे’ म्हणतो, पण ते त्याच्या नावाचं असतं. नावावर करताना ते गाडीबरोबर येतं की तुम्हाला नव्याने काढावं लागतं, हे प्रत्येक ठिकाणच्या नियमावर असतं. कुठे गाडीच्या वयावर परमिट मिळणं थांबतं, कुठे जुन्या प्रदूषण मानकाच्या गाडीला शहरात शिरू देत नाहीत. तुमच्या वाटेवरचं शेवटचं गोदाम अशा शहरात असेल तर बाकी सगळी वाट मोकळी असून उपयोग नाही.

नोंदणीच्या कागदावर तीन गोष्टी गाडीशी जुळवा. बॉडीचा प्रकार, अ‍ॅक्सलची संख्या आणि एकूण वजन. उघड्या बॉडीची नोंद असलेल्या गाडीवर डबा बसवलेला असतो, किंवा लिफ्ट अ‍ॅक्सल नंतर गॅरेजमध्ये लावलेला असतो आणि नोंद मात्र दोन अ‍ॅक्सलचीच. अशा गाडीचं कायदेशीर वजन नोंदीचं, चाकं कितीही असोत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हीच तफावत काढते. चासीवर ठोकलेला नंबर बोटाने चाचपून कागदाशी ताडा, बोजा उतरल्याचं पत्र घ्या, थकलेले दंड आणि कर कार्यालयातूनच काढा.

तुमच्या दोन गाड्यांचं सांगायचं तर पहिलीचा हिशेब मला संशयास्पद वाटतो. तासांमुळे तर आहेच, पण त्याहून जास्त बंद बॉडीमुळे. बंद बॉडी जड असते, आणि ९ टन आत बसवून सहा चाकी गाडीचा मागचा अ‍ॅक्सल मर्यादेत राहील का, हे पासिंगवर अवलंबून आहे. काट्यावरचे आकडे वरच्या गणितात घालून ९ टन बसले, आणि उभ्याचे तास बरेच निघाले, तर ती भाव पाडून घेण्यासारखी आहे. दहा चाकीला ९ टन सहज पेलतील, इंजिनही कमी तासांचं आहे, पण चार टायर जास्त, पाटे जास्त, आणि जिथे अ‍ॅक्सल मोजून पथकर घेतात तिथे तोही जास्त. जाता-येता १२-१४ टन मिळणार असतील तरच हा खर्च निघतो. फक्त ९ टन जाताना आणि रिकामं परत, असा धंदा असेल तर मी दोन्ही सोडून मूळ लांबीच्या उघड्या बॉडीची, जरा वरच्या पासिंगची सहा चाकी शोधेन आणि चांगली ताडपत्री घेईन.

परतीचा माल किती टन आणि कितीदा मिळतो, आणि दोन्ही गाड्यांच्या काट्याच्या चिठ्ठ्या, एवढं कळवा. दहा चाकीची चिठ्ठी लिफ्ट अ‍ॅक्सल खाली आणि वर अशी दोनदा घ्या, आणि मीटर-पट्टीने व्हीलबेस व बॉडीची लांबी मोजून त्यावरच लिहून ठेवा.